तार कोण सोडत नाही?

शेतातल्या मातीची ओल ठरावीक वेळाने मोजायची, आकडे मेमरी कार्डवर लिहायचे आणि दिवसातून एकदा रेडिओवरून घरी पाठवायचे, असा प्रकल्प आज अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं करतात. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड बाजारात मिळतो, मायक्रो-एसडी कार्डाचं छोटं मॉड्यूल मिळतं, रेडिओचंही मिळतं. नुसतं कार्ड जोडलं तर फाइल व्यवस्थित लिहिली जाते. नुसता रेडिओ जोडला तर तोही नीट उत्तर देतो. दोन्ही एकत्र जोडले की मात्र रेडिओ बिघडल्यासारखा वागतो. त्याच्या कुठल्याही रजिस्टरमधून काहीही वाचा, पडद्यावर 0xFF एवढंच उमटतं.

मग प्रोग्राम पुन्हा तपासला जातो, लायब्ररी बदलली जाते, दुसरा रेडिओ आणला जातो. पुष्कळदा दोष यातल्या कशातच नसतो. स्वस्त कार्ड-मॉड्यूलांच्या एका फार पसरलेल्या नमुन्यात चौदा पिनांची एक चिप असते आणि तिची एक पिन नको तिथे जोडलेली असते. त्यामुळे ते मॉड्यूल सगळ्यांच्या सामाईक तारेवरचा ताबा कधी सोडतच नाही. ही एक पिन नेमकी काय करते हे कळलं, की अनेक उपकरणं एक तार कशी वाटून घेतात याचं जवळजवळ सगळं गणित कळतं.

कार्ड आणि रेडिओ ज्या पद्धतीने प्रोसेसरशी बोलतात तिला एसपीआय म्हणतात. तिच्यात तीन तारा सामाईक असतात. एकीवर प्रोसेसर घड्याळाचे ठोके देतो, दुसरीवर स्वतःचा डेटा पाठवतो. या दोन तारांवर बोलणारा एकच, ऐकणारे कितीही, म्हणून तिथे भांडण नाही. तिसरी तार उलट दिशेची. ‘मिसो’ नावाच्या या तारेवरून कार्डही उत्तर देतं आणि रेडिओही. कोणी बोलायचं हे ठरवायला प्रोसेसर प्रत्येकाला एक स्वतंत्र तार देतो, ती ‘चिप सिलेक्ट’. ज्याची चिप सिलेक्ट शून्य व्होल्टवर आणली त्याने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. सगळी अडचण या ‘गप्प’मध्ये आहे.

डिजिटल तारेवर ० आणि १ असे दोनच संदेश असतात. मग गप्प बसलेल्या चिपने तारेवर काय ठेवायचं? शून्य ठेवलं तर तेही बोलणंच झालं. ती शून्य म्हणत असताना दुसरी चिप एक म्हणाली तर काय होईल, हे समजण्यासाठी आउटपुटच्या आत डोकवावं लागतं.

आजच्या बहुतेक चिपांच्या आउटपुटमागे दोन ट्रान्झिस्टर एकावर एक रचलेले असतात. वरचा चालू झाला की आउटपुटची पिन विजेच्या पुरवठ्याला जोडली जाते आणि तारेवर १ येतो. खालचा चालू झाला की पिन जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडली जाते आणि ० येतो. इमारतीतल्या एका नळीची कल्पना करा. वरचा कॉक उघडला की ती गच्चीवरच्या टाकीला जोडली जाते आणि भरते. खालचा उघडला की गटाराला जोडली जाते आणि रिकामी होते. अशी एकच नळी दोन घरांत गेली आहे आणि दोघांकडे हे दोन-दोन कॉक आहेत. एकाने वरचा उघडला आणि त्याच वेळी दुसऱ्याने खालचा, तर टाकीतलं पाणी थेट गटारात जाणार, आणि नळी ना धड भरलेली ना रिकामी. इलेक्ट्रॉनिक्समध्ये या अवस्थेला ‘बस कन्टेन्शन’ म्हणतात. बस म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या तारा, आणि कन्टेन्शन म्हणजे त्यांच्यावरची ओढाताण.

यावरचा उपाय त्याच रचनेत आहे. दोन्ही कॉक बंद ठेवायचे. मग हे घर नळीला ना भरतं ना रिकामी करतं, ती दुसऱ्याच्या मर्जीवर सोडून देतं. चिपमध्ये दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी बंद केले की पिन तारेपासून जणू तुटते. अगदी थोडा विद्युतप्रवाह तेवढा झिरपतो, सहसा मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका. ही तिसरी अवस्था, म्हणून अशा आउटपुटला ‘ट्राय-स्टेट’ म्हणतात. ती चालू-बंद करायला एक वेगळी पिन लागते. तिचं नाव ‘आउटपुट इनेबल’. बहुतेक चिपांमध्ये ती शून्यावर असली की आउटपुट बोलतं आणि एकवर नेली की तार सोडतं. ज्या चिपचं काम फक्त एवढंच असतं, आलेला संकेत पुढे द्यायचा किंवा तार सोडायची, तिला ट्राय-स्टेट बफर म्हणतात.

आता त्या मॉड्यूलकडे वळू. त्यावरची चिप ७४एलव्हीसी१२५ या जातीची असते. तिच्यात चार बफर, आणि चौघांना चार स्वतंत्र आउटपुट इनेबल पिना. मॉड्यूलमध्ये ती घालण्याचं कारण साधं आहे. पुष्कळ बोर्ड ५ व्होल्टवर चालतात आणि कार्डाला ३.३ व्होल्टच सोसतात. म्हणून प्रोसेसरकडून येणारे तीन संकेत तीन बफरांतून खाली उतरवले जातात. चौथा बफर उरतो, तो कार्डाकडून प्रोसेसरकडे जाणाऱ्या मिसोवर लावला जातो. आराखडा करणाऱ्याने चारही इनेबल पिना ग्राउंडला जोडल्या, म्हणजे चारही बफर कायमचे चालू. पहिल्या तिघांच्या बाबतीत हे बरोबरच आहे, कारण त्यांच्या बाहेरच्या टोकाला फक्त कार्ड आहे. चौथ्याचं बाहेरचं टोक मात्र सामाईक तारेवर आहे. प्रोसेसरने कार्डाला गप्प बसायला सांगितलं, कार्डाने आपलं आउटपुट सोडलंही. पण कार्ड आणि तार यांच्या मध्ये उभा असलेला बफर बोलतच राहतो. काय बोलतो? कार्डाच्या डेटा तारांना पुरवठ्याकडे हलकेच ओढणारे रेझिस्टर असतात. त्यामुळे कार्डाने सोडलेली तार १ वर जाते आणि बफर तोच १ जोरात पुढे ढकलत राहतो.

समोर रेडिओ शून्य पाठवू पाहतो. आकडे घालून बघू. चालू असलेला ट्रान्झिस्टर म्हणजे शून्य रोधाची तार नव्हे, त्याला थोडा रोध असतोच. एलव्हीसी जातीचे बफर दणकट असतात, तेव्हा त्याचा रोध साधारण २० ओहम धरू. रेडिओचं आउटपुट त्यामानाने दुबळं, त्याचा १०० ओहम धरू. ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यातून २० ओहम, मग तार, मग १०० ओहम आणि ग्राउंड, असा सरळ रस्ता तयार होतो. प्रवाह ३.३ भागिले १२०, म्हणजे जवळपास २७ मिलिअँपिअर. आणि तारेवरचा दाब त्याच्या शंभरपट, सुमारे २.७५ व्होल्ट. ३.३ व्होल्टवर चालणारे बरेच प्रोसेसर अडीच व्होल्टच्या आसपासचा दाब १ म्हणून वाचतात. म्हणजे रेडिओने ० पाठवला तरी वाचला गेला १, आणि १ पाठवला तर १ वाचला जाणारच होता. आठही बिट एकेक होऊन येतात आणि पडद्यावर 0xFF दिसतं. रेडिओ बोलत असतो, त्याचा आवाज तारेवर टिकत नाही एवढंच.

यात धूर निघत नाही, काही जळत नाही. रेडिओच्या त्या एका पिनेवर या वेळी पाऊण दशांश वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, बोटाला ती कळणारही नाही. म्हणूनच हा दोष शोधायला अवघड. तारांची संख्या वाढली की चित्र बदलतं. ५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसी२४५ या आठ तारांच्या दोन बफरचिपा समोरासमोर भिडल्या असं समजू. दोन्हीकडचा रोध ढोबळपणे ५०-५० ओहम धरला तर प्रत्येक तारेवर ५० मिलिअँपिअर, आणि आठही तारांवर विरुद्ध संकेत असतील तर ४०० मिलिअँपिअर. या चिपच्या पुरवठ्याच्या पिनेतून जास्तीत जास्त ७० मिलिअँपिअर जावेत अशी तिच्या माहितीपत्रकातली मर्यादा असते. हा प्रकार काही सेकंद चालला तर चिपा चटका बसण्याइतक्या तापतात, आणि पुढे-मागे त्यातली एक मरते.

दोष ओळखायला महागडी उपकरणं लागत नाहीत. एक किलोओहमचा एक रेझिस्टर आणि साधा मल्टिमीटर पुरतो. प्रोग्राममध्ये एवढंच करायचं की कार्ड आणि रेडिओ दोघांच्याही चिप सिलेक्ट १ वर ठेवायच्या, म्हणजे दोघांनीही तार सोडलेली असायला हवी. मग त्या रेझिस्टरचं एक टोक मिसोला लावायचं आणि दुसरं आधी ग्राउंडला, नंतर ३.३ व्होल्टला. तार खरोखर मोकळी असेल तर ती रेझिस्टरच्या मागे जाते. पहिल्या वेळी दाब शून्याजवळ दिसतो, दुसऱ्या वेळी ३.३ जवळ. दोन्ही वेळा ती एकाच जागी ठाम राहिली तर कोणीतरी तिला धरून ठेवलं आहे. आपल्या मॉड्यूलवर रेझिस्टर ग्राउंडला लावूनही ३.२ व्होल्टच दिसेल. मग एकेक उपकरण काढत जायचं. जे काढल्यावर तार सुटते, तेच दोषी. ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर काम आणखी सोपं. निरोगी तार वर किंवा खाली असते, ओढाताणीतली मधल्याच पायरीवर अडकलेली दिसते.

दुरुस्ती सोल्डरिंग आयर्नच्या टोकाची आहे. चौथ्या बफरची इनेबल पिन ग्राउंडपासून उचलायची आणि कार्डाच्या चिप सिलेक्ट तारेला जोडायची. दोन्ही पिना शून्यावर ‘चालू’ समजणाऱ्या, त्यामुळे मध्ये संकेत उलटवणारं काहीही लागत नाही. कार्ड निवडलं की बफर जागा होतो, कार्ड सोडलं की बफर तार सोडतो.

बफरच नसलेल्या, ३.३ व्होल्टच्या साध्या मॉड्यूलांतही एक सूक्ष्म खोच आहे. चिप सिलेक्ट वर नेली म्हणून एसडी कार्ड त्याच क्षणी तार सोडत नाही. त्यानंतर घड्याळाचा ठोका मिळाला की मग सोडतं. प्रोसेसरने कार्डाचं काम संपवून लगेच रेडिओला निवडलं, तर रेडिओच्या उत्तराची सुरुवात कार्डाशी भिडू शकते. म्हणून जाणकार कार्ड सोडल्यावर एक रिकामा बाइट पाठवतात:

```
digitalWrite(SD_CS, HIGH);
SPI.transfer(0xFF);   // आता कार्ड तार सोडेल
```

या आठ ठोक्यांत कोणीच निवडलेलं नसतं. कार्डाला तार सोडायला पुरेसा अवकाश मिळतो, आणि मगच पुढच्याची पाळी येते.

हा अवकाश हाच या विषयाचा कणा आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षं शिकवला गेलेला ८०८५ प्रोसेसर घ्या. पिना वाचवण्यासाठी त्याच्या आठ तारांवर दोन कामं टाकली आहेत. त्या आधी पत्त्याचा खालचा भाग नेतात आणि नंतर डेटा आणतात. वाचनाच्या फेरीत पहिल्या ठोक्याला प्रोसेसर स्वतः या तारांवर पत्ता मांडतो, बाहेरची एक लॅच चिप तो टिपून ठेवते. मग प्रोसेसर तारा सोडतो, ‘रीड’ ही पिन शून्यावर आणतो, आणि त्यानंतर मेमरीने बोलायचं असतं. आता समजा मेमरीला फक्त एकच नियंत्रण आहे, पत्ता आपला असेल तर बोल. मग पत्ता दिसल्याबरोबर ती बोलायला लागू शकते, आणि प्रोसेसर अजून त्याच तारांवर पत्ता मांडून उभा असेल. ओढाताण नक्की. म्हणून २७६४ सारख्या ईप्रॉम मेमरीत दोन पिना वेगळ्या ठेवल्या गेल्या. ‘चिप इनेबल’ सांगते की तुझी निवड झाली आहे, आत डेटा तयार कर. ‘आउटपुट इनेबल’ सांगते की आता तोंड उघड. ही दुसरी पिन प्रोसेसरच्या रीडला जोडली की मेमरी आतून तयारी करत राहते, पण प्रोसेसरने तार सोडल्याशिवाय बोलत नाही. बसवरचं भांडण या वेगळ्या पिनेमुळे मिटतं, हे इंटेलने या चिपच्या माहितीपत्रकात खास नमूद केलं होतं.

एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं हे एकाच क्षणी घडवायचा मोह होतो, कारण त्यात वेळ वाचतो. पण चिप आदेश मिळताच तार सोडत नाही. ७४एचसी२४५ ला त्यासाठी वाईटात वाईट परिस्थितीत ३० नॅनोसेकंदांच्या आसपास लागू शकतात. उलट दुसरी चिप किती लवकर बोलायला लागेल, याची खालची मर्यादा माहितीपत्रकात अनेकदा दिलेलीच नसते, त्यामुळे ती शून्य धरणं शहाणपणाचं. हिशेब सावध माणसाचा करायचा. सोडणारा सर्वांत मंद आणि धरणारा सर्वांत चपळ असेल, तरीही दोघांच्या मध्ये मोकळी फट राहिली पाहिजे.

फट नसेल तर प्रत्येक बदलाच्या वेळी काही नॅनोसेकंद ओढाताण होते. सेकंदाला दहा लाख वेळा होणारी २० नॅनोसेकंदांची चकमक म्हणजे एकूण वेळेच्या फक्त दोन टक्के. वरच्या आठ तारांच्या उदाहरणात सरासरी प्रवाह ८ मिलिअँपिअरने वाढेल, चिप कोमटसुद्धा होणार नाही. त्रास वेगळाच होतो. पुरवठ्यातून क्षणभरासाठी ४०० मिलिअँपिअरचा झटका ओढला जातो, ग्राउंडची पातळी थरथरते आणि शेजारची एखादी चिप, जिचा या भांडणाशी काही संबंध नाही, ती चुकीचा बिट वाचते. यंत्र दिवसातून एखाद्या वेळी बंद पडतं, हवा तापली की जास्त वेळा पडतं, आणि दोष मेमरीवर किंवा प्रोग्रामवर ढकलला जातो.

सगळ्यांनीच तार सोडली तर? मग ती कोणाचीच नसते आणि हवेतला गोंगाट, शेजारच्या तारेवरची हालचाल यांनुसार वर-खाली होते. कोणी वाचत नसेल तर यात बिघडलं काय, असं वाटेल. पण मधल्याच दाबावर तरंगणारी तार प्रोसेसरच्या इनपुटमधले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू ठेवते आणि विनाकारण वीज खाते. बॅटरीवर महिनोन्‌महिने चालवायच्या यंत्रात हे परवडत नाही. म्हणून मिसोला १० किलोओहमचा एक रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडतात. कोणी बोलत असेल तर त्याच्यापुढे हा रेझिस्टर नगण्य असतो, सगळे गप्प झाले की तो तार सावकाश १ वर नेऊन ठेवतो. चिप सिलेक्टच्या तारांना तर असा रेझिस्टर हवाच. वीज चालू झाल्यापासून प्रोग्राम सुरू होईपर्यंत प्रोसेसरच्या पिना काहीच सांगत नसतात. त्या काळात दोन उपकरणांनी एकदमच स्वतःची निवड झाल्याचं समजू नये, यासाठी त्या मुळातच १ वर ओढून ठेवायच्या.

ओढाताणीची भीती पूर्ण घालवणारा आणखी एक मार्ग आहे, आउटपुटमधला वरचा ट्रान्झिस्टरच काढून टाकायचा. मग प्रत्येक चिप तार फक्त खाली ओढू शकते, आणि वर नेण्याचं काम एका सामाईक रेझिस्टरवर सोपवलेलं असतं. दोघे एकदम बोलले तरी दोघेही खालीच ओढणार, थेट रस्ता तयार होतच नाही. फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली आयटूसी ही बस अशीच चालते आणि दोन तारांवर डझनभर उपकरणं सुखाने नांदवते. किंमत वेगात मोजावी लागते. रेझिस्टरच्या भरवशावर तार हळूहळू वर चढते, म्हणून आयटूसीचे नेहमीचे वेग सेकंदाला १ लाख किंवा ४ लाख ठोके एवढेच. एसपीआय सेकंदाला कोट्यवधी ठोक्यांवर सहज जाते, कारण तिथे वर नेणारा ट्रान्झिस्टर जागेवर असतो. त्या वेगाचं मोल म्हणून शिस्त पाळावी लागते.

चिपच्या आत मात्र अभियंत्यांनी ही शिस्त पाळण्याचा खटाटोपच सोडला. झायलिंक्सच्या एक्ससी४००० सारख्या जुन्या एफपीजीए चिपांत आतल्या तारांवरही ट्राय-स्टेट बफर होते. नंतरच्या पिढ्यांतून ते गेले. आता आत प्रत्येक बोलणाऱ्याला स्वतःची तार मिळते आणि त्यातली एक निवडून पुढे पाठवणारा मल्टिप्लेक्सर बसवतात. सिलिकॉनवर जास्तीची तार स्वस्त पडते, आणि एकाच तारेवर दोघे बोलण्याची शक्यताच उरत नाही. बोर्डावर, दोन चिपांच्या मध्ये, तार आणि पिन दोन्ही महाग, म्हणून तिथे तिसऱ्या अवस्थेला अजून पर्याय नाही.

तेव्हा एसपीआयवर दुसरं उपकरण जोडण्याआधी प्रत्येक मॉड्यूलच्या नकाशात एकच गोष्ट शोधावी. मिसोच्या तारेला शेवटी जी चिप टेकते, तिची आउटपुट इनेबल कुठे जाते? ती चिप सिलेक्टकडे जात असेल किंवा तिथे बफरच नसेल, तर जोडायला हरकत नाही. ती ग्राउंडला गेली असेल, तर ते मॉड्यूल एकटं उत्तम चालेल आणि चौघांत बसवलं की दुसऱ्या कोणाला बोलू देणार नाही.